लाइव्हमधल्या ‘बुक’पासून पैसे जमा होईपर्यंत गिऱ्हाईक नेमकं कुठे गळतं?

खणवाली

मंडळी, माझा पुण्यात खणाच्या साड्यांचा घरगुती व्यवसाय आहे. माल कर्नाटकातल्या गुळेदगुड्डहून येतो. दर शुक्रवारी रात्री नऊला इन्स्टावर लाइव्ह करते. साडी दाखवते, तिला के-१, के-२ असे नंबर देते आणि जिला हवी ती कमेंटमध्ये नंबर टाकते. एक टूल घेतलंय, ते त्या बाईला आपोआप मेसेज पाठवतं. मेसेजमध्ये ‘आत्ता घ्या’ असं बटण असतं, ते दाबलं की माझी साइट उघडते. साइट वूकॉमर्सवर आहे, भाच्याने करून दिली. भाचा सध्या परीक्षेत बुडालाय, म्हणून इथे विचारते.

कमेंट भरपूर येतात, लिंकही उघडली जाते, चेकआऊटचं पानही दिसतं असं आकडे सांगतात. तिथून पुढे निम्म्याहून जास्त बायका गायब. आणि मागच्या शुक्रवारी कहर झाला. के-७ ही एकच साडी होती, १,८५० रुपयांची, आणि ती दोघींना विकली गेली. दोघींचे पैसे आलेत, दोघींना ‘धन्यवाद’ म्हणून झालंय. आता एकीला नाही म्हणायचंय. हे होतं कसं?

मार्केटिंग_मित्र

ताई, पोस्ट बूस्ट करताना ‘Shop now’ बटण निवडता की ‘Send message’? ‘Shop now’ ठेवा आणि ऑडियन्स २५ ते ४५ करा. क्लिक वाढतील.

खणवाली

दादा, क्लिक कमी नाहीत हो. क्लिकनंतरचं विचारतेय. जाहिरात मी करतच नाही.

एडिसनकर

इथे न्यू जर्सीत माझी बायको सगळी खरेदी इन्स्टावरच करायची. फोटोवर टॅग, टॅग दाबला की वस्तू, तिथेच कार्ड, काम तमाम. साइटवर जायचंच नाही. तुम्ही इन्स्टाग्रामचं स्वतःचं चेकआऊट चालू करून घ्या, म्हणजे मधली भानगडच मिटेल. लाइव्हमध्येही खाली वस्तूची पट्टी लावता येते, मी पाहिली आहे.

रात्रपाळी

एडिसनकर, पाहिली असणार, पण आता ती नाही. फेसबुकने लाइव्ह शॉपिंग १ ऑक्टोबर २०२२ ला बंद केलं आणि इन्स्टाग्रामने लाइव्हमध्ये वस्तू टॅग करणं १६ मार्च २०२३ ला. अ‍ॅपच्या आत पैसे भरायची सोय २०१९ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, भारतातल्या दुकानदाराला ती मिळालीच नाही. २०२५ पासून मेटा तिकडच्या दुकानांनाही परत त्यांच्या साइटवरच्या चेकआऊटकडे वळवतंय. तुमच्याकडे अजून तसा अनुभव हवा असेल तर टिकटॉक शॉप. तिथे लाइव्ह बघता बघता अ‍ॅपमध्येच पैसे जातात. पण टिकटॉक आपल्याकडे जून २०२० पासून बंद.

म्हणजे भारतात ‘आत्ता घ्या’ बटण विकत काहीच नाही, ते फक्त गिऱ्हाइकाला एका अ‍ॅपमधून दुसऱ्याकडे सोपवतं. खणवाली ताईंच्या बाबतीत ही सोपवासोपवी चार वेळा होते: लाइव्हमधून मेसेज, मेसेजमधून साइट, साइटवरून यूपीआय अ‍ॅप आणि तिथून परत साइट. गळती या चार सांध्यांवरच होते. मला वाटतं के-७ चा घोळ शेवटच्या सांध्यावरचा आहे. ताई, दोन्ही ऑर्डर उघडा. उजव्या बाजूला ऑर्डर नोट्स असतात, त्या वेळेसकट जशाच्या तशा इथे टाका. नावं, फोन नंबर काढून.

देवगडचा नाना

माझ्या आंब्याचंही असंच होतं. मी व्हॉट्सअ‍ॅपवर कॅटलॉग लावलाय, पेट्या आणि डझनाचे बॉक्स. लोक कार्टमध्ये टाकतात आणि पाठवतात, आणि त्यांना वाटतं ऑर्डर झाली. मग चार दिवसांनी फोन, ‘नाना, पेटी नाही आली.’ अहो, पैसे कुठे आलेत?

रात्रपाळी

नाना, व्हॉट्सअ‍ॅपचं कार्ट म्हणजे सुबक छापलेली चिठ्ठी. ती पाठवली की तुम्हाला मेसेज येतो, बस. त्यात ना साठा अडकतो, ना पैसे सरकतात. चिठ्ठी आल्याआल्या पैशाची लिंक पाठवायची आणि वर लिहायचं, ‘पैसे आल्यावर पेटी पक्की.’ बाकी तुमचा प्रश्न वेगळा आहे, वेगळा धागा काढा, बोलू.

मी_गिऱ्हाईक

मी विकत नाही, घेते. वय ६३. तुमच्यासारख्या ताईंची लाइव्ह रोज बघते. माझं सांगू का, मी मधेच का सोडते ते?

पहिलं म्हणजे मेसेज सापडतच नाही. लाइव्ह संपल्यावर शोधते, तर तो कुठल्यातरी ‘रिक्वेस्ट’मध्ये पडलेला. दुसरं, साइट उघडली की लॉगिन मागते. ‘गुगलने लॉगिन करा’ दाबलं तर इंग्रजीत एरर. तिसरं, पैसे भरायला गेलं की समोर क्यूआर कोड. अहो, माझ्याच फोनवर दिसणारा कोड मी माझ्याच फोनने स्कॅन कसा करू? मी ह्यांचा फोन आणते तोवर साडी गेलेली असते.

खणवाली

काकू, तुम्ही माझ्या मनातलं सगळं बोललात!

नोट्स टाकते.

पहिली ऑर्डर: ९:१२ ला तयार, `Pending payment`. १०:१३ ला नोट: `Unpaid order cancelled - time limit reached.` त्यानंतर काही नाही. पण या ताईंनी ९:१४ चा पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट पाठवलाय आणि गेटवेच्या डॅशबोर्डवरही ९:१४ ला पैसे आलेले दिसतात.

दुसरी ऑर्डर: १०:३१ ला तयार, १०:३३ ला `Processing`.

रात्रपाळी

हेच हवं होतं. आता गोष्ट सरळ लागते.

९:१२ ला पहिल्या ताईंनी ‘ऑर्डर करा’ दाबलं. वूकॉमर्सने ऑर्डर बनवली आणि ती साडी त्यांच्या नावाने राखून ठेवली. इथे एक लक्षात घ्या, साडी कार्टमध्ये टाकल्याने राखली जात नाही, ऑर्डर तयार झाल्यावर राखली जाते. किती वेळ? WooCommerce > Settings > Products > Inventory मध्ये `Hold stock (minutes)` असं एक खानं आहे. कोणी हात लावला नसेल तर तिथे ६० असतं.

मग त्या यूपीआय अ‍ॅपमध्ये गेल्या, पिन टाकला, ९:१४ ला पैसे गेले. आता साइटला हे कळायला दोन वाटा आहेत. एक गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमधून: गिऱ्हाईक यूपीआय अ‍ॅपमधून परत येतं, उघडं असलेलं पान गेटवेला विचारतं ‘झालं का?’, आणि उत्तर साइटला देतं. दुसरी वाट म्हणजे वेबहूक: गेटवेचा सर्व्हर गिऱ्हाइकाला मधे न घेता थेट तुमच्या साइटला सांगतो की अमुक ऑर्डरचे पैसे आले.

पहिली वाट एरवी चालून जाते, पण लाइव्हमधून आलेल्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत ती फार कच्ची असते. कारण तुमची साइट क्रोममध्ये उघडलेली नसते, ती इन्स्टाग्रामच्या पोटातल्या छोट्या ब्राउझरमध्ये असते. यूपीआय अ‍ॅप समोर आलं की इन्स्टाग्राम मागे जातं. फोनमध्ये मेमरी कमी असेल तर अँड्रॉइड ते बंदही करून टाकतं. किंवा पैसे गेल्याचा हिरवा टिक दिसला की बाई निवांत होते आणि थेट लाइव्ह बघायला जाते. तिचं काही चुकलं नाही, पैसे गेलेच आहेत. पण ते पान मेलं आणि त्याच्याबरोबर निरोपही मेला.

तुमच्या साइटला ६० मिनिटं वाटलं की पैसे आले नाहीत. १०:१३ ला तिने ऑर्डर रद्द करून साडी परत विक्रीला लावली आणि १०:३१ ला दुसऱ्या ताईंनी घेतली. प्रत्येक जण आपापल्या माहितीप्रमाणे बरोबर वागलंय.

म्हणजे दुसरी वाट बंद आहे. वेबहूक लावलेलाच नाही, किंवा लावलाय पण पोचत नाही. गेटवेच्या डॅशबोर्डवर वेबहूकच्या पानावर पाठवलेल्या निरोपांची यादी मिळेल, प्रत्येकासमोर आकडा असेल. २०० म्हणजे पोचला. ४०३ म्हणजे तुमच्या साइटच्या दारावरच अडवला.

खणवाली

यादी सापडली. सगळीकडे ४०३. महिनोन्‌महिने!

रात्रपाळी

मग बहुतेक सुरक्षेचं प्लगइन. अनोळखी सर्व्हरकडून काही आलं की ते हाकलून देतं. भाच्याला म्हणावं परीक्षेतून दहा मिनिटं काढ आणि वेबहूकच्या पत्त्याला त्यातून सूट दे. प्लगइनच बंद करू नका मात्र.

झाल्यावर तपासायची पद्धत: एक रुपयाची एक गुपचूप वस्तू बनवा. स्वतःलाच इन्स्टाग्रामवर तिची लिंक पाठवा, तिथूनच उघडा, यूपीआयने पैसे भरा, आणि टिक दिसताक्षणी इन्स्टाग्राम पूर्ण बंद करा. परत साइटवर जायचं नाही. मग लॅपटॉपवर ऑर्डर बघा. थोड्या वेळात `Processing` झाली तर वेबहूक चालतोय. `Pending payment` वरच बसली तर अजून अडकलंय. पानावर परत जाऊन ‘यशस्वी’ दिसलं की सगळे खूश होतात, पण त्याने फक्त पहिली वाट तपासली जाते.

सोलापूरची_सून

वाचतेय, मस्त धागा. काकूंच्या मुद्द्यांवर कोणी बोललंच नाही पण.

मेसेज रिक्वेस्टमध्ये जातो कारण काकू त्या खात्याला फॉलो करत नसतील. फॉलो करणाऱ्यांना तो इनबॉक्समध्ये येतो. आणि कमेंटवरून एकाच मेसेजची परवानगी असते. समोरून काही उत्तर आलं तरच पुढे बोलता येतं. पोस्टच्या कमेंटला सात दिवसांत कधीही तो मेसेज पाठवता येतो, पण लाइव्हच्या कमेंटला लाइव्ह चालू असेपर्यंतच. म्हणून मी लाइव्ह संपवायची घाई करत नाही. शेवटच्या साडीनंतर थोडा वेळ नुसत्या गप्पा मारते, आणि तेव्हाच सांगते, ‘मेसेज दिसत नसेल तर रिक्वेस्टमध्ये बघा.’

कमेंटमध्ये लिंक चिकटवून उपयोग नाही. इन्स्टावर कमेंटमधली लिंक दाबताच येत नाही, बायका बोट दाबून दाबून थकतात.

रात्रपाळी

+१. लॉगिनचं मी सांगतो. अ‍ॅपच्या पोटातल्या ब्राउझरमधून गुगल लॉगिन होऊच देत नाही, सुरक्षेसाठी. `disallowed_useragent` असा शब्द एररमध्ये असतो. तो दुरुस्त करायच्या नादी लागू नका, लॉगिनच काढा. वूकॉमर्सच्या सेटिंगमध्ये खातं न उघडता ऑर्डर देण्याची सोय आहे, ती चालू करा. नाव, फोन, पत्ता, पिनकोड एवढंच विचारा. त्या ब्राउझरला क्रोममध्ये साठवलेले पत्ते आणि पासवर्ड बरेचदा दिसत नाहीत, मग सगळं हाताने टाइप करावं लागतं. त्यामुळे प्रत्येक जास्तीचं खानं तिथे दुप्पट जड जातं. ‘कंपनीचं नाव’, ‘पत्ता ओळ २’ हे साडीला कशाला हवंय?

क्यूआरचंही तेच. चेकआऊटवर फोन ओळखून यूपीआय अ‍ॅपची थेट बटणं दाखवता येतात. ती आतून असा पत्ता उघडतात:

```
upi://pay?pa=dukan@bank&pn=Khan&am=1850&cu=INR
```

असा पत्ता आला की फोन तुमचं यूपीआय अ‍ॅप उघडतो, रक्कम भरलेली असते, फक्त पिन. मात्र अ‍ॅपच्या पोटातले ब्राउझर हा पत्ता दरवेळी बाहेर जाऊ देतील असं नाही. अ‍ॅपच्या आवृत्तीवर आणि फोनवर ठरतं. नाही गेलं तर बटण दाबून काहीच होत नाही किंवा कोरं पान येतं.

एडिसनकर

मग सोपं आहे. वर तीन टिंबं असतात, तिथून बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडायला सांगायचं. क्रोममध्ये सगळं चालतं.

रात्रपाळी

अर्धं बरोबर. क्रोममध्ये चालतं, पण कार्ट रिकामं होतं. कार्ट कुकीत बांधलेलं असतं आणि इन्स्टाच्या ब्राउझरची कुकी क्रोमला मिळत नाही. बाई बाहेर पडते तर समोर ‘तुमचं कार्ट रिकामं आहे’. ती म्हणते साडी गेली, आणि बंद करते.

म्हणून लिंक अशी द्या की वस्तू लिंकमध्येच असेल:

```
https://tumchisite.in/checkout/?add-to-cart=2481
```

२४८१ हा त्या साडीचा आयडी. ही लिंक कुठेही उघडली तरी साडी कार्टमध्ये पडून चेकआऊटच समोर येतं. मेसेजमधलं ‘आत्ता घ्या’ बटण होमपेजवर नव्हे, या पत्त्यावर न्यायला हवं. खणवाली ताई, तुमचं कुठे जातं?

खणवाली

होमपेजवर. तिथून त्यांनी के-७ शोधायचं.

सोलापूरची_सून

अगं बाई! माझं शॉपिफाय आहे, तिथे `/cart/` पुढे साडीचा व्हेरियंट आयडी आणि `:1` लिहिलं की सरळ चेकआऊट. मी लाइव्हच्या आधी दुपारी सगळ्या लिंक करून वहीत लिहून ठेवते.

पण रात्रपाळी, तुमच्या त्या लिंकमध्ये एक खोड आहे. मी आधी वूकॉमर्सवर होते. पान रिफ्रेश केलं की वस्तू पुन्हा पडते. एकीला ब्लाउज पीस हवा होता एक, ऑर्डर आली तीनची. नेट हळू होतं म्हणून ती बिचारी रिफ्रेश करत बसली.

रात्रपाळी

खरंय. त्याला उपाय म्हणजे त्या वस्तूच्या पानावर `Sold individually` ला टिक करायची, म्हणजे एका ऑर्डरमध्ये एकच. मग दुसऱ्यांदा रिफ्रेश झालं तर वर लाल चौकट येते की अजून टाकता येणार नाही, पण आकडा एकच राहतो. लाल चौकट बघून काही जणी घाबरतात. तिचं वाक्य मराठीत बदलून ‘साडी तुमच्या कार्टमध्ये आहे, खाली पैसे भरा’ असं करून घ्या.

देवगडचा नाना

एवढं सगळं करण्यापेक्षा कॅश ऑन डिलिव्हरी ठेवा की. यूपीआय नको, वेबहूक नको.

खणवाली

नाना, ठेवलं होतं. लाइव्हच्या उत्साहात बायका मागवतात, कुरिअर दारात गेलं की ‘नको’. एकच नग असलेली साडी पंधरा दिवस प्रवास करून घडी मोडून परत येते, जायचा-यायचा खर्च माझा. आणि तोवर ज्या दुसरीला ती खरंच हवी होती ती गेलेली.

मी_गिऱ्हाईक

मला कॅशच आवडतं, पण मी परत नाही पाठवत हं.

खणवाली

भाच्याने सूट दिली. एक रुपयाची ऑर्डर केली, इन्स्टा बंद केलं, चहा टाकेपर्यंत `Processing`! यादीत २०० आलंय. बटणही थेट चेकआऊटवर नेलं.

के-७ मात्र पहिल्या ताईंना देतेय, पैसे त्यांचे आधी आले होते. दुसरीचे परत केले, तिचं ‘मला तर साइटने ऑर्डर दिली’ हे म्हणणंही खरंच आहे. तिला फोन करून पुढच्या खेपेला तसाच रंग आणते म्हटलंय.

आता प्रश्न: ते ६० मिनिटांचं खानं १० करू का? लाइव्ह दोन तास चालतं. एकीने ऑर्डर करून पैसे भरले नाहीत तर साडी तासभर अडकून राहते, आणि बाकीच्या विचारत राहतात.

सोलापूरची_सून

कर कर. मी तर लाइव्हमध्ये तोंडानेच सांगते, ‘दहा मिनिटांत पैसे आले नाहीत तर साडी पुढची.’

रात्रपाळी

१० नको म्हणेन. यूपीआयचा व्यवहार कधीकधी बँकेत ‘प्रक्रियेत’ असा लटकतो. पैसे कापले जातात, पण गेटवेला ‘आले’ हे उशिरा कळतं. वेबहूक चालू असला तरी निरोप तेव्हाच येणार. १० मिनिटांत तुम्ही ऑर्डर रद्द केलीत आणि १४ व्या मिनिटाला पैसे आले तर के-७ चाच प्रकार पुन्हा, फक्त जलद. मी १५ ते २० च्या मधे कुठेतरी ठेवलं असतं आणि रद्द झालेल्या ऑर्डरींवर लाइव्ह संपल्यावर गेटवेची यादी समोर धरून एकदा नजर टाकली असती.

सोलापूरची_सून

२० मिनिटं म्हणजे लाइव्हमध्ये युग झालं हो. तेवढ्यात बघणाऱ्या अर्ध्या बायका जेवायला बसतात. आणि मुळात साडी कोणाची? जिने कमेंट आधी टाकली तिची, की जिचे पैसे आधी आले तिची? मला लाइव्हमध्ये कमेंट दिसतात त्या क्रमाने, पण जिचं नेट हळू तिला साडीच उशिरा दिसते. ती म्हणते, ‘मी दिसल्या दिसल्या टाकलं.’

खणवाली

मी कमेंटवाली धरत होते. आता साइट पैशावाली धरते, आणि दोन्ही नियम एकाच लाइव्हमध्ये चालतात, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. तुम्ही कशा सांगता हे बायकांना, भांडण न होता?

मी_गिऱ्हाईक

कमेंटवाली धरा. आम्हाला पिन टाकायला वेळ लागतो.

सोलापूरची_सून

पैशावाली. काकू, सॉरी.